खालचं खातं मामंजींचं

माझा जुना फोन आमच्या वासराने बुडवला. मी गोठ्याबाहेर डोणीच्या कडेवर फोन ठेवून शेण काढत होते, आणि त्या बेट्याने पाणी प्यायला म्हणून मान घातली ती फोनसकट. फोन काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. घरचा तांदूळ असल्यामुळे दोन दिवस मी त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहत होते. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी नवरा शिरवळहून, कंपनीतली पाळी संपवून येताना नवीन फोन घेऊन आला आणि वासराला म्हणाला, "आता हा पण चाख."

मला हसू आलं नाही. त्या आठवड्यातच भोरच्या सोनाराकडे जायचं होतं आणि पैसे द्यायचे होते ते फोनवरूनच. तशी आत्याबाईंची अटच होती.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. वय झालं, पण चालणं अजून माझ्यापेक्षा झपाट्याचं. माहेर हिर्डोशीकडचं, डोंगरातलं, त्यामुळे आमच्या वेल्ह्याच्या बाजूचा चढ म्हणजे त्यांना अंगण वाटतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आदल्या हिवाळ्यात गेले. भात झोडून झालं, विकून झालं, पैसे खात्यावर आले, आणि मग जणू सगळं आवरून झालं म्हणून ते गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी घरात एकच गोष्ट चालू झाली, मामंजींचा टाक.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा चांदीचा छोटा टाक करतात आणि तो देवघरात देवांबरोबर बसवतात. टाकावर घोड्यावर बसलेला पुरुष असतो. मामंजी जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते. मोटारसायकलवर मागे बसवलं तरी दोन्ही हातांनी पोराची बंडी धरायचे. पण टाकावर घोडा हवाच, असं सोनार म्हणाला.

टाक कुणाच्या पैशाचा, हा आमच्या घरातला फार नाजूक विषय होता. मामंजींचे वडील गेले तेव्हा घरात काही नव्हतं. मामंजींच्या एका चुलत्याने पैसे दिले आणि टाक झाला. पैसे पुढे फिटलेही, पण चुलता काही गप्प बसला नाही. बांधावरून भांडण झालं, लग्नात मानपानावरून रुसवा झाला, की तो चारचौघांत म्हणायचा, "तुझा बा माझ्या पैशानं देवात बसलाय, ध्यानात ठेव." मामंजी उत्तर देत नसत. घरी येऊन जेवत नसत, इतकंच. आत्याबाईंनी हे नव्या नवरीपणापासून पाहिलेलं. त्यामुळे मामंजींचा टाक हा मामंजींच्याच पैशाचा व्हायला हवा, त्यांच्या शेवटच्या भाताच्या पैशाचा, यावर त्या खुंटा ठोकून बसल्या होत्या.

"तुमी देणार, म्हाईत हाय मला," त्या नवऱ्याला आणि मला दोघांनाही म्हणाल्या. "तुमी बोलूनबी दावणार न्हाई. पर तो माणूस जल्मभर एका टाकापायी मान खाली घालून फिरला. त्याचा सोताचा टाक तरी त्याच्या घामाचा होऊ दे."

मी सोनाराला टाक सांगून ठेवला.

मामंजींचं खातं वेल्ह्याच्या शाखेत होतं. पाय दुखायला लागल्यावर त्यांनी दुसरं नाव माझं घातलं होतं, कारण मी वेल्ह्यालाच कचेरीत लिहिण्याचं काम करते आणि बँक माझ्या रस्त्यावर. दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, एक नसेल तर दुसऱ्याने चालवावं, असं ते खातं. मोबाईल नंबरही माझाच दिला होता, मामंजींकडे फोन नव्हता. ते गेल्यावर दाखला नेऊन दिला, बँकेने त्यांचं नाव कमी केलं, आणि खातं माझ्या एकटीच्या नावावर राहिलं. पण घरात त्याला माझं खातं असं कुणीही म्हटलं नाही. मीही नाही. माझा पगार जमा होतो ते खातं त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतलं.

आता कुणी म्हणेल, सरळ पैसे काढायचे, नोटा न्यायच्या, सोनाराला द्यायच्या. मीही तेच म्हणाले होते. पण आत्याबाईंचा नोटांवर विश्वास नव्हता. गेल्या वर्षी दिवसकार्यासाठी म्हणून काढलेल्या नोटा माझ्या पर्समध्ये गेल्या आणि तिथून अर्ध्या औषधांत, थोड्या गाडीभाड्यात गेल्या, मग माझ्या पैशातून भरून काढल्या. हिशेब बरोबर बसला होता, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं. आणि मीच कधीतरी फुशारकीने सांगून ठेवलेलं, की फोनवरून पैसे एका खात्यातून निघतात ते थेट दुसऱ्याच्या खात्यात, मध्ये कुणी नाही. ते त्यांनी पक्कं धरून ठेवलं.

"मग तसंच कर," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खात्यातनं निघू दे आणि सोनाराकडं जाऊ दे. मधी कुणाचा हात नको."

तर नवीन फोन आला आणि मी तो घेऊन वेल्ह्याच्या एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आमच्या घरी आमच्या सिमला धड रेंज नसते आणि पैशाचं ॲप नव्या फोनवर सुरू करायचं तर त्याच सिममधून आधी एक मेसेज जावा लागतो, मग ते ओळखतं की हा नंबर तुमचाच. दोनदा मेसेज अडकला, तिसऱ्यांदा गेला. मग बँक निवडायला सांगितलं. बँक निवडली तशी माझ्या नंबरावरची दोन खाती समोर आली, एक वर, एक खाली. दोन्हींवर बँकेचं तेच चिन्ह, दोन्हींवर माझंच नाव. पुढे फक्त शेवटचे चार आकडे वेगळे.

जुन्या फोनवर वरचं खातं माझं होतं आणि खालचं मामंजींचं. आकडे मी कधी पाहिलेच नव्हते. घरात ताटं ओळखतात तशी मी खाती ओळखायचे, जागेवरून. वरच्याला हात लावला, ते जोडलं गेलं. मग खालचं जोडलं. वरच्यापुढे ‘प्राथमिक’ असा शब्द आला. म्हटलं बरोबर आहे, प्राथमिक म्हणजे रोजचं, रोजचं म्हणजे माझं. पिन नवीन करावे लागले नाहीत. पिन बँकेकडे असतो, फोनमध्ये नाही, त्यामुळे फोन बुडाला तरी दोन्ही खात्यांचे जुने पिन जिवंत होते. माझ्या खात्याचा एक आणि मामंजींच्या खात्याचा वेगळा. तो मामंजींनीच सांगितला होता. पिन करताना मी विचारलं होतं, की मामंजी, तुमच्या लक्षात राहील असा चार आकडी नंबर सांगा. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "ह्यो घाल," म्हणाले, "ह्यो म्या इसरायचा न्हाई." कसला आकडा ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

फोन बदलल्यावर पहिला दिवसभर मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, म्हणून मी सोनाराला एक दिवस पुढचा सांगितला. मधल्या दिवसात फोनवरून एक रुपयाही दिला नाही. कचेरीतला चहा महिन्याच्या उधारीवर, आणि भाजी परड्यातली.

भोरला गेलो तो दिवस स्वच्छ होता. नसरापूरला गाडी बदलली. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि कमरेला कापडी पिशवी खोचली होती. पिशवीत टाक गुंडाळायला पिवळं फडकं, हळदीकुंकवाची पुडी आणि मामंजींच्या खात्याचं पासबुक. पासबुक कशाला, असं मी विचारलं.

"असू दे संगं," त्या म्हणाल्या. "त्यांचं कायतरी असू दे."

सोनार आमच्या घरचाच म्हणायचा. टाक त्याच्याच दुकानातून यायचे, त्याच्या बापाच्या वेळेपासून. त्याने कागदाच्या घडीतून टाक काढून आत्याबाईंच्या तळहातावर ठेवला. नखाएवढा घोडा, त्यावर नखाएवढा माणूस, फेटा, हातात तलवार. आत्याबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"मिशा बारीक झाल्या," त्या म्हणाल्या.

"आजी, याहून जाड मिशी ठोकली तर नाक जाईल," सोनार म्हणाला.

त्या हसल्या. महिनोन्महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला एकदम गलबलून आलं आणि मी घाईने फोन काढला.

दुकानात माझ्यामागे एक बाई मंगळसूत्र ओवून घ्यायला उभी होती. मी सोनाराच्या काचेवरचा चौकोन फोनने टिपला, रक्कम घातली, आणि खातं बदलायचं म्हणून दोन्ही खाती उघडली. खालचं मामंजींचं. खालच्यावर बोट ठेवलं. मामंजींचा पिन दाबला. फोनने लाल अक्षरांत सांगितलं, पिन चुकीचा. व्यवहार झाला नाही.

म्हटलं, बोट घसरलं असेल. मागची बाई बांगड्या वाजवत होती. मी पुन्हा पहिल्यापासून केलं, चौकोन टिपला, रक्कम घातली, पिन दाबला. झालं. दुकानातला डबा मोठ्या आवाजात बोलला की पैसे मिळाले. आत्याबाईंनी त्या डब्याला हात जोडले. मीही फोन बंद करून पर्समध्ये टाकला, जणू काही माझी परीक्षाच संपली होती. टाक पिवळ्या फडक्यात गेला, फडकं पिशवीत, पिशवी कमरेला, आणि आम्ही स्टँडकडे निघालो.

नसरापूरला वेल्ह्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. आत्याबाई पिशवीवर हात ठेवून बसल्या आणि गाडी सुटता सुटता त्यांनी सहज विचारलं, "त्यांच्याच खात्यातनं गेलं न्हवं?"

"हो तर," मी म्हणाले. "थांबा, दाखवते."

दाखवायला गेले आणि तिथेच फसले. ॲप उघडलं, खात्यांचं पान उघडलं. वर प्राथमिक खातं, शेवटचे चार आकडे. हे माझे आकडे नव्हते. पगाराच्या खात्याचे शेवटचे आकडे कचेरीत दर महिन्याला कागदावर लिहावे लागतात, तेवढे मला पाठ होते. ते आकडे खालच्या खात्यापुढे होते.

म्हणजे नव्या फोनवर खाती उलटी लागली होती. वरचं मामंजींचं, खालचं माझं. स्टँडवर भिंतीला टेकून मी पहिलं जोडलं ते मामंजींचं, म्हणून तेच प्राथमिक झालं. आणि आज दुकानात, खालचं मामंजींचं म्हणून मी ज्याच्यावर बोट ठेवलं ते माझ्या पगाराचं खातं होतं.

मी फोन पालथा केला.

"काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या.

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना वाचता येत नाही, आणि मी "हे बघा, त्यांच्याच खात्यातून" म्हटलं असतं तर त्या वर्षश्राद्धापर्यंत आणि नंतरही सुखाने राहिल्या असत्या. तो विचार माझ्या मनात आला, हेही सांगते. पण त्यांचा हात त्या पिशवीवर होता.

"आत्याबाई, जरा घोळ वाटतोय," मी म्हणाले. "खाती वरखाली झालीत. माझ्या पगारातून गेले की काय, बघायला लागेल."

मी घाईघाईने जुने व्यवहार उघडायला गेले, आणि तोवर गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली होती. रेंज गेली. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. बँकेचा मेसेज आला असेल म्हणून पाहिलं, तोही नव्हता. या रस्त्याला रेंज येते ती एखाद्या वळणावर, आणि गाडी तिथे थांबत नाही.

मी मनाशी दुकानातलं सगळं पुन्हा पुन्हा करून पाहायला लागले. पहिल्यांदा खालचं खातं घेतलं, पिन चुकला. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मी खातं निवडलं होतं का? आठवेना. आणि पिन कुठला दाबला? पहिल्यांदा मामंजींचा, हे पक्कं. दुसऱ्यांदा मात्र घाईत माझं बोट रोजच्या सवयीने माझ्या पिनकडे गेलं असेल तर? तसं झालं असेल तर पैसे माझ्या खात्यातून गेले, संपलं. रोज ज्या बोटांनी मी भाकरी थापते त्या बोटांनी काय दाबलं ते मला सांगता येईना. इतका राग आला मला स्वतःचा.

"गेलं आसंल तुझ्या पगारातनं," आत्याबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तर तू त्यांच्या खात्यातनं तेवढं घेशील व्हय?"

"घेईन की. आत्ता उतरल्यावर घेईन. एका मिनिटाचं काम."

"मग तो उसना झाला," त्या म्हणाल्या. "चुलत्याचं बी असंच फिटलं हुतं."

तोरणा दिसायला लागला. एरवी तोरणा दिसला की घर आलं असं वाटतं, त्या दिवशी वाटलं गाडी अजून लांब जावी. मी टाक परत नेऊन द्यायचा, सोनाराला पैसे परत पाठवायला सांगायचे, पुन्हा सगळं करायचं, असलंही मनात योजून ठेवलं. सोनाराने ते केलंही असतं. पण देवांसाठी म्हणून एकदा घेतलेला टाक आत्याबाई परत दुकानात नेऊ देतील, हे मला खरं वाटत नव्हतं.

वेल्ह्याला उतरलो. मी पुन्हा त्याच भिंतीला जाऊन टेकले, जिथे दोन दिवसांपूर्वी शहाणपणा केला होता. आत्याबाई शेजारी उभ्या. रेंजच्या काड्या एकेक उभ्या राहिल्या. आधी बँकेचा मेसेज आला, पण तो पुरता उघडायच्या आत मी ॲपमधले व्यवहार उघडले होते.

सोनाराच्या नावापुढे दोन नोंदी. एक लाल, अयशस्वी. एक हिरवी.

लालवर बोट ठेवलं. कोणत्या खात्यातून, ते खाली लिहिलेलं. माझ्या पगाराचे आकडे. म्हणजे खालचं खातं मी खरंच घेतलं होतं.

मग हिरवीवर ठेवलं. खाली सरकवलं. डेबिट केलेलं खातं, बँकेचं तेच चिन्ह, आणि शेवटचे चार आकडे. माझे नव्हते.

"आत्याबाई, पासबुक काढा," मी म्हणाले.

माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे, त्यांनी पटकन काढलं. मी पहिल्या पानावरचा खाते क्रमांक दाखवला आणि शेवटच्या चार आकड्यांखाली बोट धरलं. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. एसटीच्या पाट्यांवरचे, नोटांवरचे, पंचांगातल्या तारखांचे. त्यांनी फोन हातात घेतला, पासबुक दुसऱ्या हातात. एकेक आकडा वाचून दोन्हीकडे पाहिला. चौथ्यावर आल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"त्येच हाय," त्या म्हणाल्या.

"तेच आहे."

"मग तू मगाशी घाबरीवलंस कशाला मला?"

मी तिथेच, स्टँडच्या भिंतीशी, खाली बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. एवढं सुटल्यासारखं मला माझ्या बाळंतपणानंतर वाटलं असेल. समोरून कचेरीतला शिपाई चालला होता, तो थांबून म्हणाला, "बाई, चक्कर आली का?" मी म्हणाले, "नाही हो, गेली."

मग मी त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगताना मलाही पुरतं उमगलं. पहिल्या वेळी मी चुकीचं खातं घेतलं, माझं. त्यावर मामंजींचा पिन दाबला. माझ्या खात्याने तो घेतला नाही, म्हणून व्यवहारच झाला नाही, एक पैसाही हलला नाही. दुसऱ्या वेळी घाईत मी खातं निवडायचंच विसरले. न निवडलं तर ॲप प्राथमिक खातं धरतं, आणि प्राथमिक मामंजींचं झालेलं. त्यावर पुन्हा मामंजींचाच पिन दाबला, बोटं काही चुकली नव्हती. दार उघडलं. पिनच्या पानावर वरच्या बाजूला खात्याचे शेवटचे आकडे स्पष्ट लिहिलेले असतात. तेवढं वाचलं असतं तर वळणावळणाच्या रस्त्यावर माझं रक्त आटलं नसतं. आणि दोन्ही खात्यांना एकच पिन ठेवला असता, अनेक जण ठेवतात तसा, तर पहिल्याच वेळी पैसे माझ्या पगारातून गेले असते आणि मला पत्ता लागला नसता.

आत्याबाईंनी सगळं ऐकलं. ॲप, प्राथमिक, पिन, यातलं किती पोचलं माहीत नाही. त्यांनी त्यातून त्यांना हवं ते उचललं.

"म्हंजी तू तुझ्या पगारातनं द्याया गेलीस," त्या म्हणाल्या, "आन त्यांच्या आकड्यानं तुला देऊ दिलं न्हाई."

मी म्हणणार होते की तसं नाही, यंत्र आहे ते. पण मला त्यात चूक सापडेना. झालं होतं तसंच.

"असंच म्हणा," मी म्हणाले.

"त्येंनीच आडवलं," त्या म्हणाल्या, आणि पिशवीवर थोपटलं.

फोन हातातच होता तोवर मी खाती नीट लावून घेतली. माझं खातं प्राथमिक केलं, म्हणजे उद्या भाजीवाल्याचे पैसे मामंजींच्या शिल्लक भातातून जायला नकोत, आणि कुणी माझ्या नंबरावर पैसे पाठवले तर तेही माझ्याच खात्यात यावेत. मग दोन्हींचे शेवटचे चार आकडे मनात घोकले. वर काय, खाली काय, हे आता मी कधीच मोजणार नाही.

घरी जायचा रस्ता चालायचा. ऊन कलतं झालं होतं, बांधावर वाल फुलायला लागला होता. आत्याबाई पुढे, मी मागे, नेहमीसारखं. ओढ्याशी त्या थांबल्या.

"कोणता हुता त्यो आकडा?"

"पिन कुणाला सांगायचा नसतो, आत्याबाई."

"मी काय चोर हाय?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन चार आकडे सांगितले. वाटलं, त्या हं म्हणतील आणि चालायला लागतील. त्या चालल्या नाहीत. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजलं, मध्येच थांबल्या, पुन्हा मोजलं.

"काय हो? कसलं साल आहे?" मी विचारलं. सालच असणार हे मला त्यांच्या मोजण्यावरून कळलं. आजवर मला वाटायचं जमिनीचं असेल, किंवा घर बांधलं तेव्हाचं.

"मी ह्या घरात आले ते साल," त्या म्हणाल्या.

पदराने तोंड पुसलं, पण तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

"ह्यो म्या इसरायचा न्हाई, असं म्हणाले होते," मी सांगितलं. "मी विचारलं तेव्हा. लगेच म्हणाले."

"मला कंदी न्हाई बोलले," आत्याबाई म्हणाल्या. "येवढ्या वर्सात एकदाबी न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून पिवळं फडकं काढलं, उलगडून टाक तळहातावर घेतला आणि ओढा ओलांडून घरापर्यंत तो तसाच, उघड्या हातावर नेला.